थांब म्हणायचं राहून गेलं

१

कापसाला हात लावण्याआधी उत्तमराव हात धूत आणि उन्हात धरून चांगले वाळवत. ओलसर बोटांना धागा खोटा लागतो, असं त्यांचं म्हणणं होतं. अमरावतीच्या परकोटाबाहेर मुंबईच्या एका इंग्रजी कंपनीचं कापसाचं गोदाम होतं आणि उत्तमराव तिथले पारखी होते. शेजारच्याच खोलीत ते एकटे राहत. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. सकाळी गोदामाचं दार उघडायचं आणि दिवेलागणीला लावायचं, यापलीकडे त्यांच्या दिवसाला दुसरा काठ-किनारा नव्हता.

ते दिवस अमेरिकेतल्या लढाईचे होते. तिकडचा कापूस बंद झाला आणि विलायतेतल्या गिरण्यांची नजर वऱ्हाडावर वळली. काळ्या मातीत जिथे ज्वारी पेरायची तिथेही लोकांनी पऱ्हाटी लावली. कापूस सोन्याचा झाला आणि ज्वारी मिळेनाशी झाली. कंपनीला माल हवा होता तो लवकर, स्वच्छ आणि स्वस्त. पानाचा कचरा नको, फुटकी सरकी नको, ठरल्या मुदतीला उशीर झाला तर भाव कापला जाईल. कारखानदारांना घातलेल्या या अटी उत्तमरावांनीच जुळवून दिल्या होत्या. त्यांना त्यांचा थोडा अभिमानही होता.

माघ महिन्यात अकोटहून भगवंतरावांच्या कारखान्याचा माल आला. उत्तमरावांनी रीतीप्रमाणे एका बोऱ्याची शिवण उसवली. बोऱ्यात कापूस पायांनी तुडवून भरतात, त्यामुळे तो आतून थराथरांनी निघतो. त्या थरांवर तुडवणाऱ्याच्या टाचेचे खळगे उमटलेले असतात. उत्तमरावांनी असे खळगे जन्मभर पाहिले होते.

या बोऱ्यातले खळगे लहान होते.

त्यांनी एक थर उचलून दारातल्या उजेडात नेला. पाच बोटांच्या जागी हरभऱ्याएवढ्या पाच खोबणी होत्या. त्यांनी आपला तळहात त्यावर ठेवला. ते पाऊल त्यांच्या तळहातात मावलं आणि वर जागा उरली.

दुसरा बोरा उसवला. त्यातही तेच.

कापूस मात्र उत्तम होता. बोट ठेवायला जागा नव्हती. उत्तमरावांनी थर होता तसा परत ठेवला, शिवण घालून घेतली आणि अकोटला जाणाऱ्या गाडीवानाजवळ निरोप दिला की अमुक दिवशी कारखाना पाहायला येतो. आधी कळवून जाणं ही कंपनीची रीत होती. भल्या माणसाच्या घरी न सांगता कसं जायचं?

२

भगवंतरावांनी त्यांना वेशीपर्यंत सामोरं येऊन नेलं. गुळाचा चहा अजून त्या भागात रुळला नव्हता. त्यांनी ताक दिलं, पान दिलं आणि हात धरून सगळा कारखाना दाखवला.

लांब पडवीत बायका ओळीने चरख्या फिरवत बसल्या होत्या. लाकडी लाटांमधून रुई एका बाजूला येत होती आणि सरकी दुसऱ्या बाजूला गळत होती. हवेत रुईची इतकी पूड होती की दारातून आलेलं ऊन भिंतीसारखं उभं दिसत होतं. टोकाला एका उंच लाकडी चौकटीत बोरा टांगलेला होता. त्यात एक गडी कमरेइतका उभा राहून कापूस तुडवत होता. गडी घामाने निथळत होता. त्याला त्या कामाची सवय नसावी, कारण एका कोपऱ्यात पाय नेला की दुसरा कोपरा फुगत होता.

सगळं जागच्या जागी होतं. तरी उत्तमरावांना कसंसंच वाटत राहिलं. पाण्याचा रांजण जमिनीत इतका खोल पुरला होता की मोठ्या माणसाला वाकावं लागावं. काही चरख्यांच्या दांड्या खालच्या अंगाला गुळगुळीत झाल्या होत्या, वर नाही. बायका बोलत नव्हत्या. वऱ्हाडातल्या बायका काम करताना गप्प बसल्याचं उत्तमरावांनी आजवर पाहिलं नव्हतं.

मग खोकला ऐकू आला. बारीक, कोरडा. पडवीच्या मागच्या भिंतीतून आल्यासारखा.

भगवंतराव म्हणाले की मागे रुईची कोठी आहे, तिथे पारवे शिरतात. उत्तमराव उठून कोठीपाशी गेले. त्यांनी कडी काढली. दार आत उघडेना, म्हणून ओढलं. समोर खालपासून वरपर्यंत रुईची भिंत होती. एवढी ठासून भरलेली कोठी त्यांनी पाहिली नव्हती. रुई आवाज गिळते. दारात उभं राहिल्यावर त्यांच्या कानांत दडे बसल्यासारखं झालं, चरख्यांचा आवाजही लांब गेला.

ती भिंत हलकेच पुढे आली आणि मागे गेली. दाबलेली रुई मोकळी झाली की फुगते, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी दार लावलं आणि कडी घातली.

घालायला नको होती, असं वाटलं. पण ते गाडीत बसल्यावर.

३

त्या कोठीतला माल त्याच आठवड्यात बोऱ्यांत भरून अमरावतीला आला. उत्तमराव एकेका बोऱ्यावर कंपनीचा शिक्का मारत होते. बाहेर गाड्या जुंपलेल्या होत्या, माल पुढे पश्चिमेकडे जायचा होता, बैल खूर आपटत होते.

एका बोऱ्यावर शिक्का दाबला तेव्हा वरचं तोंड आत दबलं आणि सावकाश वर आलं. तसं सगळ्याच बोऱ्यांचं होतं. पण त्यांनी हात काढून घेतल्यावर ते आणखी एकदा दबलं.

उत्तमराव बघत राहिले. भर दुपार होती. ऊन तापलं की ताग ताणला जातो, रुई बसते. पारखी म्हणून त्यांना दहा कारणं ठाऊक होती. गाडीवानाने हाक मारली आणि तो बोरा इतरांबरोबर गाडीत चढला.

त्या रात्रीपासून मात्र त्यांना चैन पडेना, आणि चार-सहा दिवसांनी कोणाला न सांगता ते अकोटला गेले. कारखान्याच्या मागच्या बाजूने आत शिरले.

चरख्यांवर लेकरं होती. दोघादोघांनी मिळून एक दांडी फिरवत होती. काही जमिनीवर बसून रुईतला पानाचा चुरा वेचत होती. त्यांच्या भुवया, पापण्या, ओठ पांढरे होते. चौकटीतल्या बोऱ्यात एक पोर उतरलेलं होतं. ते दिसत नव्हतं, फक्त बोऱ्याचं अंग एकदा इकडून आणि एकदा तिकडून फुगत होतं. कापूस वर येईल तसं पोर वर येतं, आणि बोरा भरला की कोणीतरी त्याला हात धरून बाहेर काढतं. पूर्ण भरेपर्यंत त्याला आपल्याआपण निघता येत नाही. लहान पाय कोपऱ्यात नीट जातात, म्हणून लहानच लेकरू उतरवायचं.

भगवंतराव आले. ते गडबडले नाहीत. तो माणूस क्रूर नव्हता. थकलेला होता.

"तुमच्या मुदतीत हे बसवाचं तं मोठी माणसं कोठून आणू?" ते म्हणाले. "सारे गडी रेल्वेच्या मातीकामावर गेले. तिथं मजुरी दुप्पट हाये. तुमी देता त्या भावात मले कोन भेटते? हेच भेटतात."

लेकरं कुठली, ते त्यांनी लपवलं नाही. बरीचशी मेळघाटच्या पायथ्याची आणि आतल्या कोरकू वस्त्यांची होती. ज्वारी महागली तेव्हा त्यांनीच आईबापांना धान्याची उचल दिली होती आणि ती फिटेपर्यंत लेकरं कामाला ठेवली होती. काही अकोटचीच. चरखीवरच्या मैनाबाईची मुलगी वच्छला त्यातलीच एक.

दुपारी लेकरं भाकरी खायला ओळीने बसली. ओळीत मध्येच एकाची जागा मोकळी होती. वच्छलाने आपल्या भाकरीचा तुकडा मोडून त्या जागी ठेवला. उत्तमरावांना वाटलं, देवाचा असेल. त्यांनी विचारलं, मागच्या खेपेला मी आलो तेव्हा तुम्ही कुठे होतात? सगळ्यांनी कोठीच्या दाराकडे पाहिलं.

४

अमरावतीतले कंपनीचे साहेब ब्रॅडवेल उत्तमरावांचं म्हणणं उभ्याउभ्याने ऐकून मग खाली बसले. साहेब मोडकं हिंदुस्थानी बोलत. त्यांच्या मुलखात आठ वर्षांखालचं मूल गिरणीत ठेवायला कायद्याने बंदी होती, आणि त्याहून मोठ्यालाही अर्धा दिवस काम आणि उरलेला वेळ शाळा, असा नेम होता. इथे तसा कायदा नव्हता. पण ही गोष्ट विलायतेतल्या वर्तमानपत्रात आली तर कंपनीचं तोंड काळं होईल, हे त्यांना लगेच दिसलं.

त्यांनी हुकूम दिला तो सोपा होता. भगवंतरावांकडून खरेदी बंद. आजपासून. एक बोराही नको.

उत्तमरावांना त्या क्षणी बरं वाटलं. कोणीतरी योग्य तेच केलं असं वाटलं. हुकूम घेऊन ते स्वतः अकोटला गेले, कारखान्याच्या ओसरीवर बसून भगवंतरावांना तो सांगितला आणि ताक न घेता उठले. लेकरं आत होती. आत चरख्या चालू होत्या. दारातून बाहेर पडताना मैनाबाई आडवी आली.

"तुमी चालले," ती म्हणाली. "मंग आमचं काय?"

त्यांनी तिला सांगितलं की लेकरांवर अन्याय होत होता, आता होणार नाही. तिने त्यांच्याकडे असं पाहिलं की जणू ते दुसऱ्याच मुलखाची भाषा बोलत आहेत, आणि ती बाजूला झाली.

५

चैत्रात कंपनीच्या दुसऱ्या कामासाठी ते अकोल्याला गेले. रेल्वेचा भराव घालायचं काम चाललं होतं. खडीच्या टोपल्या वाहणाऱ्यांच्या रांगेत त्यांना एक ओळखीचा चेहरा दिसला. मग दुसरा. भुवया आता पांढऱ्या नव्हत्या, लाल मातीच्या होत्या. एका पोराच्या पायाची दोन बोटं फडक्यात बांधलेली होती. उत्तमरावांनी हाक मारली, तसं ते पोर टोपली टाकून पळालं.

ते तिथूनच अकोटला गेले.

कारखान्याला कुलूप होतं. भगवंतरावांनी महिनाभर गिऱ्हाईक शोधलं, मग कारखाना बंद करून ते भावाकडे निघून गेले होते. लांबची काही लेकरं अजून कारखान्याच्या वळचणीखाली राहत होती. घरी जावं तर आईबापांच्या डोक्यावर उचल होती. उचल न फेडता आलेलं लेकरू दिसलं की भगवंतरावांचा माणूस दारात उभा राहील, अशी त्यांना भीती. मैनाबाई त्यांना जमेल तसं आंबील पाजत होती. वच्छलाला तिने वीटभट्टीवर धाडलं होतं.

ती उत्तमरावांवर चिडली नाही. नुसतं सांगत गेली. मग म्हणाली, "आत जाऊन या एकडाव. तुमाले दिसते का पाहा. मी नाई येत."

किल्ली तिच्याजवळ होती. उत्तमराव आत गेले.

पडवी रिकामी होती. चरख्या भिंतीशी लावून ठेवलेल्या. कोठीचं दार सताड उघडं होतं, आत जमिनीवर थोडी उरलीसुरली रुई. खिडकीतून दुपारचं ऊन येत होतं. वाऱ्याचा मागमूस नव्हता. टोकाला चौकट उभी होती आणि चौकटीत बोरा टांगलेला होता.

धप्.

उत्तमराव थांबले. आवाज मऊ होता, ओल्या मातीवर पाऊल पडावं तसा.

धप्. धप्.

बोऱ्याचं अंग एका कोपऱ्यात फुगलं. मग दुसऱ्या.

घूस असेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. घूस बोऱ्यात शिरते. पण घूस चारी कोपरे ओळीने घेत नाही. आणि कोठीतल्या जमिनीवरून बोऱ्यापर्यंत रुईचे बारीक पुंजके सांडत गेले होते, कोणी ओंजळीओंजळीने वाहून नेल्यासारखे.

ते बोऱ्यापर्यंत गेले नाहीत. बाहेर येऊन उन्हात बसले.

"रोज थोडं थोडं भरते," मैनाबाई म्हणाली. "मी काढून टाकते. दुसऱ्या दिशी पुन्हा."

कोण, असं उत्तमरावांनी विचारलं.

वळचणीखालची लेकरं म्हणाली, बारकी. तिचं नाव कोणालाच ठाऊक नव्हतं. शेवटच्या गाडीने आली होती, सगळ्यांत लहान होती, कोणाशी बोलायची नाही. अमरावतीचा पारखी येणार म्हणून सगळ्यांना कोठीत बसवून वर रुई लोटली, त्या दिवशी ती सगळ्यांत आत होती. बाहेर आली का? एक म्हणालं, आली. एक म्हणालं, नाही आली. भगवंतरावांनी सांगितलं होतं, पळून घरी गेली असेल. आणि दुसऱ्या दिवसापासून घाई होती. कोठीतली सगळी रुई बोऱ्यांत भरायची होती.

उत्तमरावांनी पुढे विचारलं नाही. त्या बोऱ्यांवर शिक्का कोणी मारला होता, ते त्यांना माहीत होतं.

६

ब्रॅडवेल साहेबांसमोर ते या खेपेला उभे राहिले नाहीत. न विचारता बसले. बोऱ्याबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही. उरलेलं सगळं सांगितलं.

साहेब म्हणाले, कंपनीने कापूस विकत घेतला, लेकरं नाहीत. खरेदी थांबवली, तिथे कंपनीचं काम संपलं.

"साहेब, आपण त्याइले सोडवलं नाई," उत्तमराव म्हणाले. "आपण त्याइले टाकलं. मुदत आपली, भाव आपला. त्या भावात मोठं माणूस भेटतच नोतं, हे मले समजाले पायजे होतं. आता दुसरा कोनी घेईल तो माल, आन् हेच लेकरं पुन्हा बोऱ्यात उतरतीन. फरक इतकाच की आपल्याले दिसणार नाई."

बोलणं दिवसभर चाललं. साहेबांना शेवटी खरंच पटलं, की नुसती मालाची गरज पडली, ते कोणी सांगावं. पाऊस लागायच्या आत मुंबईला बोरे पोचवायचे होते. पण त्यांनी मान हलवली, आणि उत्तमरावांनी त्या हलवलेल्या मानेवर सगळी इमारत उभारली.

भगवंतरावांना बोलावून घेतलं. खरेदी पुन्हा सुरू होणार होती, पण मुदत वाढवून आणि भाव चढवून, आणि तो चढलेला भाव मोठ्या माणसांच्या मजुरीत जाईल या बोलीवर. लेकरांच्या जागी त्यांचेच आईबाप, थोरले भाऊ, मावश्या कामाला घ्यायच्या, रेल्वेइतक्या मजुरीने. धान्याची उचल कंपनीने आपल्या अंगावर घेऊन मोडीत काढली. लेकरू पोटापुरतं आणत होतं ते बंद पडू नये म्हणून, घरचं मोठं माणूस कामाला लागेपर्यंत दर आठवड्याला त्याच्या घरी ज्वारी जायची. खोकणाऱ्यांसाठी अमरावतीहून वैद्य आणला. कळत्या वयाची मोठी पोरं राहायला तयार होती, त्यांना बाहेर मोकळ्या हवेत अर्धा दिवस सरकी वाळवायचं काम, आणि उरल्या वेळात लिंबाखाली पंतोजी. आणि उत्तमराव यापुढे कधी येतील ते कोणाला कळवणार नव्हते. कारखान्याचं मागचं दार काढून टाकलं. कोठीच्या भिंतीला, माणूस बाहेरून आत पाहू शकेल एवढी खिडकी पाडली.

हे सांगायला सोपं. करायला त्यांना आख्खा उन्हाळा लागला. अकोल्याच्या भरावावरून, वीटभट्ट्यांवरून, कोणाच्या गुरांमागून त्यांनी एकेक लेकरू शोधून आणलं. काहींना परत यायचं नव्हतं. पारखी आला की कोठीत जावं लागतं, एवढंच त्यांना ठाऊक होतं. बोटं फडक्यात बांधलेलं पोर तीन गावं पुढे पळालं, तेव्हा उत्तमराव त्याच्या मागे चालत गेले आणि त्याच्यापासून लांब, रस्त्यावरच बसून राहिले, ते आपणहून जवळ येईपर्यंत.

मग आईबाप आले. कोणी बैलगाडीने, कोणी डोंगर उतरून पायी. नत्थुजी नावाचा एक म्हातारा नातवाला ओळखेना, कारण नातू उंच झाला होता. वच्छला आईच्या कडेला बसून लिंबाखाली बाराखडी गिरवू लागली. प्रत्येकासाठी कोणी ना कोणी आलं.

बारकीसाठी कोणी आलं नाही. ती कुठल्या वस्तीवरची, ते भगवंतरावांनाही सांगता येईना. वस्त्यांवरून लेकरं आणणाऱ्या ज्या दलालाने तिला आणलं तो पटकीने गेला होता. साहेब म्हणाले, जे सापडले त्यांचं झालं. जी नाहीच तिचं काय करणार?

७

मोठ्या माणसांनी काम सुरू केलं, पण ती चौकट कोणी वापरेना. त्यांनी दुसरी उभारली. जुन्या चौकटीतला बोरा रोज थोडा भरे, रोज थोडा रिकामा केला जाई. लोक त्या टोकाला पाठ करून बसत. भगवंतराव म्हणाले, जाळून टाकू. मैनाबाई म्हणाली, "आन् तिले कोन सांगनार?"

उत्तमरावांनी तो प्रश्न अमरावतीला नेला. रिकाम्या गोदामात, जेवताना, हात धूत असताना तो त्यांच्याबरोबर राहिला. खरेदी बंद झाल्याचा हुकूम त्यांनी ओसरीवर बसून मालकाला सांगितला होता. आत चरख्या चालू होत्या. आत जाऊन, वाकून, लेकरांना त्यांनी काही सांगितलं नव्हतं. काम थांबलं, हे ज्यांनी काम केलं त्यांना कोणीच सांगितलं नव्हतं.

एका दुपारी, सगळी माणसं जेवायला बाहेर गेली असताना, ते पडवीच्या टोकाला गेले. बोरा निम्मा भरलेला होता. आतून धप् धप् चाललं होतं. त्यांना पळून जावंसं वाटलं, पण मनाने त्यांना दिलेली सगळी कारणं, घूस, उष्मा, वारा, केव्हाच संपली होती. त्यांनी बोऱ्याचा काठ धरला. काठ थरथरत होता.

"माय," ते म्हणाले, आणि काठाजवळ तोंड नेऊन पुन्हा म्हणाले. "माय, झालं. आता नाई तुडवाचं. मी सांगाले उशीर केला. थांब आता."

धप्.

मग नाही.

रुईत आवाज मरतो. इतकी शांतता त्यांनी कधी ऐकली नव्हती. स्वतःचा श्वाससुद्धा ऐकू येईना. त्यांनी वाकून पाहिलं. आत पांढरा अंधार होता. आणि त्या पांढऱ्यातून, तशीच पांढरी, दोन लहान मनगटं वर आली. पुढे काही नाही. चेहरा रुईत होता, की नव्हताच. मनगटं फक्त वर धरलेली होती, ज्याला आपल्याआपण निघता येत नाही त्याने धरावीत तशी.

बोरा अर्धाच भरला होता. तिला कोणीतरी काढायला हवं होतं.

उत्तमरावांनी डोळे मिटले आणि दोन्ही हात आत घातले.

८

त्यानंतर ते कंपनीच्या गोदामात कामाला गेले नाहीत. साहेबांनी माणूस धाडला, तेव्हा त्यांनी निरोप दिला की कंपनीचं एक देणं राहिलं आहे, ते पोचवून येतो.

अकोटहून मेळघाटाकडे जाणाऱ्या वाटेवर लोकांनी त्यांना पाहिलं. ते हळू चालत. डावा हात अंगापासून थोडा लांब, खाली सोडलेला आणि बोटं मिटलेली. चढ लागला की थांबत, वाट पाहत, मग पुन्हा चालत. ओढा आला तेव्हा त्यांनी वाकून काहीतरी कडेवर घेतल्यासारखं केलं आणि गुडघाभर पाण्यातून पलीकडे गेले. त्यांना स्वतःला त्या हातात काय होतं ते नीट सांगता आलं नसतं. ते बघत नसत. गार होतं, हलकं होतं, आणि वाट चुकली की बोटं जराशी ओढली जात.

वस्ती आली की ते पहिल्या दारात उभे राहत आणि विचारत, "ही तुमची हाये काय?"

लोक त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत, मग त्यांच्या बाजूच्या मोकळ्या जागेकडे, आणि नाही म्हणत. कोणी पाणी देई. कोणी दार लावून घेई. कोणी मागून कुत्रं सोडलं, पण कुत्रं वाटेवर येऊन बसलं आणि हललं नाही. उत्तमराव रागावत नसत. पुढच्या दारात जात. कितीतरी दारं झाली. बोलायला दुसरं कोणी नव्हतं. संध्याकाळी ते झाडाखाली बसत, आणि शेजारी बसलेलं कोणी आहे की आपण एकटे आहोत, हे त्यांना कळत नसे. दोन्ही सारखंच वाटे.

सेमाडोहच्या अलीकडे, सागाच्या रानात, चार झोपड्यांची एक वस्ती होती. शेवटच्या झोपडीच्या दारात एक बाई मोहाची फुलं निवडत बसली होती. उत्तमराव तिच्यासमोर उभे राहिले. त्यांनी विचारलं.

तिने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. तिने त्यांच्या गुडघ्याशी पाहिलं, आणि पाहत राहिली. तिच्या मांडीवरचं सूप सरकलं आणि फुलं खाली सांडली, ती तिने गोळा केली नाहीत.

मग ती उठली आणि दारातून बाजूला झाली.

उत्तमरावांची बोटं मोकळी झाली. ते उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. आतून चुलीवर काहीतरी ठेवल्याचा आवाज आला, आणि ती बाई खालच्या आवाजात, तिच्या भाषेत, कोणाला तरी नावाने हाक मारत होती. ते नाव त्यांना नीट ऐकू आलं नाही. ते ऐकायला पुढे झाले नाहीत. त्यांचा हात बराच वेळ तसाच, अंगापासून थोडा लांब, राहिला.